उपवास एका दिवसाचा, तास छत्तीस

"उपवास उद्याचा, मग आज संध्याकाळीच जेवायची एवढी घाई का? आणि पाणी चालतं, तर सारखं घड्याळ कशाला बघता?"

कारण जैनांचा उपवास उद्या सकाळी नाही, आज सूर्य मावळला की लागतो. पर्युषण पर्वाच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्ट सरता सरता, पुण्यात सूर्य साधारण ६:२२ला उगवतो आणि ६:५०ला मावळतो. समजा बुधवारचा उपवास आहे. मग मंगळवारी ६:५०च्या आत जेवण, पाणी, गोळी, बडीशेप, सगळं उरकायचं. बुधवार तर पूर्ण गेलाच. गुरुवारी सूर्य उगवला तरी लगेच तोंडात काही घालायचं नाही, वर दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं थांबायचं. ती नवकारशी, ७:१०ला. मोजून बघा, ३६ तास २० मिनिटं होतात. साबुदाण्याच्या खिचडीवर चालणारा उपवास डोळ्यांसमोर असेल, तर तो बाजूला ठेवा. इथे अन्नाचा कणही नाही.

चूक होते ती बहुतेक वेळेच्या कागदावरून. घरात मुंबईचं कॅलेंडर असतं किंवा अहमदाबादहून आलेलं पंचांग. पुणे मुंबईच्या पूर्वेला आहे, त्यामुळे इथे सूर्य चारेक मिनिटं आधी मावळतो. अहमदाबादशी तुलना केली तर या दिवसांत सात-आठ मिनिटांचा फरक पडतो. शेवटचा घोट त्या वेळेवर घेतला, तर तो सूर्यास्तानंतर पडतो. ढगाळ हवेत उजेडावरूनही अंदाज येत नाही. म्हणून पुण्याचीच वेळ बघावी, आणि शक्य असेल त्यांनी सूर्यास्ताच्या दोन घटका आधीच ताटावरून उठावं. जुनी माणसं तसंच करतात, आणि ते योग्यच आहे.

आता पाणी. उपवास दोन तऱ्हेचा असतो. चौविहार म्हणजे पाणीसुद्धा नाही. तिविहार म्हणजे दिवसा पाणी चालतं, पण उकळलेलंच. श्वेतांबर मूर्तिपूजक घरांत रूढ असलेला नियम सांगते. पाणी आधी दुहेरी कापडातून गाळायचं, मग तीन उकळ्या येईपर्यंत उकळायचं आणि पसरट परातीत निववायचं. या पाण्यालाही मुदत असते. पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच. त्यानंतर त्यात पुन्हा जीव उत्पन्न होतात असं मानतात, म्हणून ते प्यायचं नाही.

प्रहर म्हणजे दिवसाचा चौथा भाग. वरच्या वेळांनी तो ३ तास ७ मिनिटांचा येतो, तीन प्रहरांचे झाले ९ तास २१ मिनिटं. सकाळी सातला उकळलेलं पाणी ४:२१ला संपलं. सूर्यास्त तर ६:५०ला. नेमकी इथेच गडबड होते. दुपारची झोप होते, साडेपाचला आठवण येते, पाणी उकळायला ठेवतात, आणि ते निवेपर्यंत सूर्य गेलेला असतो. त्यामुळे सकाळी दोन लिटर उकळलं असेल, तरी तीनच्या सुमाराला आणखी लिटरभर ठेवावं. भांडं आणि पेला कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. तळाशी चमचाभर कच्चं पाणी राहिलं तरी सगळं पाणी बाद. पाणी उठल्याबरोबर पीत नाहीत. पच्चक्खाणात, म्हणजे उपवासाच्या संकल्पात, घेतलेली वेळ झाली की मूठ वळून नवकार मंत्र म्हणायचा आणि मग पहिला घोट. संध्याकाळी 'पाणहार'चं पच्चक्खाण घेतलं की पाणीही बंद.

चुकून प्यायलं तर? पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे सवलती, सांगितल्या आहेत. उपवास आहे हे विसरून घोट घेतला, तर आठवताच तोंडातलं थुंकून टाकायचं, पच्चक्खाण मोडत नाही. रस्त्याने जाताना पावसाचा थेंब आपसूक तोंडात गेला, तोही 'सहसागार'मध्ये बसतो. जीव घाबरा होण्याइतकं आजारपण आलं, तर औषधालाही आगार आहे. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर या सवलतीच्या भरवशावर उपवास धरू नये. डॉक्टरांना आधी विचारावं आणि त्यांनी नको म्हटलं तर एकासणं करावं. एका बैठकीत एकदाच जेवण, तेही तपच आहे.

दिगंबर घरांत दशलक्षणाचे दहा दिवस भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होतात. त्यांच्या उपवासात साधारणपणे पाणीही नसतं.

राहिलं पारणं. गुरुवारी ७:१०ला नवकार म्हणून आधी मुगाचं कोमट पाणी, पाच-सहा चमचे, सावकाश. पंधरा-वीस मिनिटांनी पातळ राब, कणीक तुपात भाजून गूळ आणि सुंठ घातलेली. नातेवाईक प्रेमाने शिरा, फाफडा पुढे करतात. रिकाम्या पोटी तळलेलं पडलं की तासाभरात मळमळ आणि कळा सुरू होतात, आणि दोष मात्र उपवासाला मिळतो. तळलेलं त्या दिवशी ठेवूच नका. दुपारी मऊ मुगाची खिचडी पुरे.