पत्राचा दुसरा मसुदा

मंगळवार, रात्र. इंदूर.

नववी-दहावीच्या फिजिक्सच्या मॅडमचा तास मागे बसून पाहिला होता, त्याबद्दल त्यांना द्यायचं पत्र आज पुन्हा लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं, 'विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवण्यास वाव आहे.' ते खोडलं. ते वाचून उद्या सकाळी वर्गात जाऊन नेमकं काय करायचं, हे कुणालाच कळणार नाही.

निरीक्षणाच्या फॉर्मवर विषयज्ञानाला 20 पैकी 18 आहेत आणि सहभागाला 7. गुण बदलायचे नाहीत, पण पत्रात ते शेवटी येतील. आधी मोजलेलं येईल. मागे बसून मी 36 मुलांचा बैठक-नकाशा काढला होता आणि जो बोलेल त्याच्या चौकोनात टिक करत गेले होते. 40 मिनिटांत 31 प्रश्न झाले. त्यातले 11 'समझ में आया?' आणि त्यावर अकराही वेळा 'यस मॅम'. आणखी 11 प्रश्न विषयाचे होते, पण त्यांना सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिलं, किंवा मॅडमनी स्वतःच दिलं. उरलेल्या 9 प्रश्नांची उत्तरं एकेका मुलाने दिली, आणि ती मुलं फक्त चार, चारही पुढच्या दोन रांगांतली. मागच्या तीन रांगांत एकही टिक नाही. हे आकडे पत्रात जसेच्या तसे घालते, नकाशाची झेरॉक्सही जोडते. 'मुलं गप्प होती' म्हटलं की वाद होतो. रिकामे चौकोन समोर ठेवले की त्यावर बोलता येतं.

मुलांची शांतता हा दोष नव्हे, हे मात्र पत्रात स्पष्ट लिहायला हवं, नाहीतर पुढच्या तासाला गाणी आणि खेळ येतील. दहा मिनिटं मान खाली घालून गणित सोडवणारा वर्ग पूर्ण सहभागी असू शकतो. इथे अडचण वेगळी होती: अख्ख्या तासात बहुतेक मुलांना एकदाही स्वतःचं मत ठरवावं लागलं नाही.

आणि ज्या गोष्टीने 18 गुण मिळवून दिले, तिनेच हे झालं. सहाव्या मिनिटाला मॅडमनी स्वतःहून सांगितलं की बल्बमध्ये करंट खर्च होत नाही, जितका आत जातो तितकाच बाहेर येतो. वाक्य अचूक होतं, आणि मुलं चुकतात ती जागाही नेमकी हेरली होती. पण 'करंट तो बल्ब में खर्च हो जाता है' असं एखादं मूल बोलायच्या आतच त्याची चूक दुरुस्त होऊन गेली. मुलाने वाक्य वहीत उतरवलं आणि डोक्यातली जुनी समजूत तशीच राहिली. पत्रातला मुख्य परिच्छेद हाच.

पुरावा म्हणून एका वहीतली ओळ देते, मुलाचं नाव न घेता. पॅरलल जोडणी, 6 ओहम आणि 3 ओहम. सूत्र बरोबर, 1/6 + 1/3 = 1/2 हेही बरोबर, आणि खाली उत्तर: 0.5 ओहम. उलटं करायचं राहिलं. फळ्यावर मॅडमनी पडताळ्याचा नियम लिहिला होता की एकूण रोध सगळ्यात लहान रोधापेक्षा कमी यायला हवा. मुलाने तो लावला: 0.5 हे 3 पेक्षा कमी, म्हणून बरोबरची खूण! नियम खरा आहे, पण ही चूक त्यातून निसटते. दोनच रोध असतील तर एकूण रोध लहानाच्या निम्म्याहून खाली जाऊच शकत नाही, म्हणजे इथे 1.5 ते 3 च्या मध्येच हवा. त्याहून चांगलं म्हणजे 6 व्होल्टची बॅटरी जोडून विचारायचं: 6 ओहममधून किती करंट? 1 अँपिअर. 3 ओहममधून? 2. एकूण 3, म्हणून 6 भागिले 3, रोध 2 ओहम. हे ज्याने एकदा स्वतः केलं, त्याला 0.5 दिसताच खटकेल, कारण तेवढ्या रोधातून 12 अँपिअर जातील.

सुचवणी एकच देणार. पाच दिल्या की एकही होत नाही.

सूत्र सिद्ध करायच्या आधी फळ्यावर एक बॅटरी आणि पेटलेला एक बल्ब काढायचा. प्रश्न: तसाच दुसरा बल्ब पॅरललमध्ये जोडला तर पहिल्याचा उजेड (1) कमी होईल, (2) तेवढाच राहील, (3) वाढेल? अर्धा मिनिट कुणी बोलायचं नाही, उत्तर रफ वहीत लिहायचं. मग सगळ्यांनी एकदम छातीशी बोटं दाखवायची. वर हात केले की मुलं हुशार मुलांकडे बघून बदलतात, छातीशी धरलेली बोटं मागून दिसत नाहीत. 36 पैकी साधारण 11 ते 25 बरोबर असतील तर उत्तर न सांगता दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलू द्यायचं आणि पुन्हा बोटं मागायची. त्याहून कमी असतील तर चर्चेत चुकीचंच पसरतं, तेव्हा आधी एक इशारा द्यायचा. जास्त असतील तर पुढे जायचं. हार्वर्डचे एरिक माझुर यांनी फिजिक्सच्या वर्गात हीच पद्धत रूढ केली, 30 ते 70 टक्क्यांची मर्यादा त्यांच्याच पद्धतीतली.

मग प्रत्यक्ष जोडून दाखवायचं की उजेड तेवढाच राहतो. इथे एक खड्डा आहे, तो ठळक लिहिते. जुने सेल घेतले तर दुसरा बल्ब जोडताच पहिला खरंच मंद होतो, कारण सेलचा स्वतःचा रोध असतो आणि करंट वाढला की बाहेर मिळणारं व्होल्टेज घसरतं. मग (1) म्हणणारी मुलं जिंकतात आणि मॅडम अडकतात. दोन नवे मोठे अल्कलाइन सेल आणि टॉर्चचे 2.5 व्होल्टचे फिलामेंटवाले बल्ब घ्यावेत, एलईडी नकोत. आदल्या दिवशी एकदा जोडून बघावं.

वेळ कुठून आणायचा, हा त्यांचा पहिला प्रश्न असेल, आणि रास्त आहे. सगळं मिळून आठ मिनिटं. सूत्राची सिद्धता उतरवून घेण्यात नऊ गेली होती, ती छापून वाटली की प्रश्न मिटला.

थांबण्याबद्दल दोनच ओळी. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब येतात, एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. आपल्याकडे घड्याळ बघायची गरज नाही: प्रश्न विचारावा, खिडकीपर्यंत चालत जावं, मग नाव घ्यावं. आधी नाव घेतलं की उरलेली 35 मुलं सुटतात.

शेवटचा परिच्छेद असा ठेवला आहे: 'पुढच्या गुरुवारी मी फॉर्म न घेता येईन, फक्त बैठक-नकाशा घेऊन, पहिली 15 मिनिटं. गुण देणार नाही. मागच्या तीन रांगांतल्या टिक मोजून कागद तुमच्याच हातात देईन.'

लॅबच्या कपाटात पाच बल्ब निघाले, त्यातले तीन उडालेले. उद्या स्टोअरला चिठ्ठी पाठवायची, सेलसकट.