जॉब कार्डवर आठ तास, मशीन म्हणते साडेचार

भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये कॉस्टिंग बघत होते तेव्हाची गोष्ट. मार्केटिंगवाला धावत आला, म्हणे मॅडम याच पार्टची रिपीट ऑर्डर आलीये, पण लेबर कॉस्ट एवढी दिसतेय की रेट वाढवावाच लागेल. जॉबवर मजुरी पडली होती 28,000, एरवी पडते 16,000.

जॉब कार्ड काढली, सगळ्यांची आठ तास भरलेली, गेटच्या पंचिंगशी तंतोतंत जुळणारी. इथेच शंका आली, कारण चहा, सेटिंग, टूल बदलणं यात माणशी अर्धा तास जातोच, तो कुठेच नव्हता. शॉपवर जाऊन सीएनसीचा पार्ट काउंटर बघितला तर त्या शिफ्टचा माल जेमतेम साडेचार तासांचा. सुपरवायझरला विचारलं. "मॅडम, ट्रान्सफॉर्मर उडाला होता ना, तीन तास सगळे बसून. आयडल लिहिलं की वरून मलाच विचारतात, म्हणून जॉबवर टाकलं." आणि बुडालेला माल काढायला त्याच रात्री तीन तास ओव्हरटाइम, फॅक्टरी अ‍ॅक्टप्रमाणे डबल रेटने.

मग हिशोब नव्याने मांडला. 20 माणसं, तासाला 100 रुपये. ट्रान्सफॉर्मरमुळे वाया गेले 60 तास म्हणजे 6,000, हा अ‍ॅबनॉर्मल आयडल टाइम, थेट कॉस्टिंग प्रॉफिट अँड लॉसला. ओव्हरटाइमचे 12,000, त्यातला साधा पगार 6,000 जॉबचाच, कारण तेवढं काम खरंच झालं, पण वरचे 6,000 प्रीमियम ब्रेकडाउनमुळे लागला, तोही तिकडेच. रोजचा अर्धा तास मात्र नॉर्मल, तो जॉबच्या रेटमध्येच राहतो. म्हणजे जॉबवर उरले 16,000, शिफ्टचे 90 आणि ओव्हरटाइमचे 60 अशा कामाच्या 150 तासांना वाटले तर तासाला 106 रुपये 67 पैसे, नेहमीचाच आकडा! रेट वाढवायचं काही कारणच नव्हतं.

प्रॉडक्शन मॅनेजर तरी ऐकेनात, म्हणाले दिवाळीनंतर चार ऑपरेटर सोडून गेले, नवीन पोरांनी याच जॉबवर कास्टिंग खराब केली, ते तरी धरा. तेही नाही धरलं. माणसं दरवर्षी थोडीफार सोडून जातातच, त्यांच्या जागी आलेल्यांचं ट्रेनिंग, स्क्रॅप, कमी स्पीड हे सगळं त्या डिपार्टमेंटच्या ओव्हरहेडमध्ये जाऊन वर्षभराच्या कामावर पसरतं, त्या आठवड्यात मशीनवर योगायोगाने जो जॉब होता त्याच्या माथी का मारायचं? (चाराच्या जागी अर्धं शॉप एकदम गेलं असतं तर वेगळं, मग ते पण अ‍ॅबनॉर्मल.)

जुन्याच रेटने कोटेशन गेलं. पुढे त्याच कस्टमरने मेल करून माल दोन दिवस आधी मागितला, परत ओव्हरटाइम लागला, आणि या वेळी मात्र प्रीमियमचा पूर्ण पैसा जॉबवरच टाकला, मेलची प्रिंट कार्डाला स्टेपल करून, आणि बिलातही लावला.