बाबांचा कुडता आणि कोऱ्या कापडाचे अडीच इंच

बाबांसाठी मी हातमागाच्या सुती कापडाचा कुडता शिवला. उंची 42 इंच, बाही 23, छाती घेरात 46. घातल्यावर अंगावर अगदी नीट बसला. पहिल्या धुण्यानंतर इस्त्री करताना जरा आखूड वाटला म्हणून टेप लावली. उंची साडेएकोणचाळीस भरली आणि बाही जेमतेम साडेएकवीस. बाबा काही बोलले नाहीत, बाह्या दुमडून घालायला लागले. मला फार वाईट वाटलं.

पण घेर मोजला तर तो पाऊण इंचच कमी झाला होता. कापड आटतं तर सगळीकडून सारखं का आटत नाही? मला शिवण शिकवणाऱ्या काकूंकडे कुडता घेऊन गेले. त्यांनी हात लावताच विचारलं, "अगं, कोरंच कापलंस ना?"

मग त्यांनी सुतळीचा एक तुकडा घेतला. टेबलावर पेन्सिली ओळीने ठेवल्या आणि सुतळी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून अशी नेली. पुढे त्याच अंतरावर पेन्सिलींच्या जागी जाड खडू ठेवले. आता तीच सुतळी शेवटच्या खडूपर्यंत पोचेना. वळणातच जास्त खर्ची पडली होती.

कापडात नेमकं हेच होतं. कापूस पाणी पितो तेव्हा त्याचा तंतू लांबीला जवळपास तेवढाच राहतो, पण जाडीला चांगला फुगतो. आडवे धागे जाड झाले की त्यांच्यावरून-खालून जाणाऱ्या उभ्या धाग्याला मोठी वळणं घ्यावी लागतात. त्यातच हे उभे धागे मागावर ताणून बसवलेले असतात आणि पुढे खळ देताना, वाळवताना, घडी घालताना कापड लांबीकडेच ओढलं जातं. तो ताण खळीने आणि इस्त्रीने धरून ठेवलेला असतो. पहिल्या पाण्यात तो सुटतो. कुडत्याची उंची आणि बाही उभ्या धाग्यावर कापलेली असते, म्हणून मार तिथेच बसला.

पुढच्या कुडत्याला मी त्याच ताग्यातलं कापड आणलं, पण आधी हिशेब केला. 42 चे साडेएकोणचाळीस म्हणजे शंभराला सहा. शिवायला अडीच मीटर लागत होतं. अडीच भागिले 0.94 म्हणजे 2.66, म्हणून 2.70 मीटर घेतलं.

कापलेल्या दोन्ही कडांना मशीनवर झिगझॅग मारली, नाहीतर धुताना धागे सुटून गुंता होतो. काठापासून चार बोटं आत, लाल दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांनी 50 सेंटिमीटरचा चौकोन आखला. खडूची खूण पाण्यात जाते, दोरा राहतो. बाबांचे कपडे कोमट पाण्यात, मशीनमध्ये धुतले जातात, म्हणून कापडही तसंच धुतलं. नुसतं थंड पाण्यात बुचकळून काढलं असतं तर उरलेलं आटणं पुढच्या धुण्यात निघालं असतं. पाणी गढूळ झालं, ती खळ. मशीनमध्ये पिळायचा भाग बंद ठेवला आणि कापड न पिळता, पन्ह्यात पूर्ण उलगडून दोन दोऱ्यांवर टाकलं. एका टोकाला धरून टांगलं तर ओल्या कापडाच्या वजनानेच ते पुन्हा ताणतं.

इस्त्रीतही हात आवरावा लागतो. किंचित दमट असताना इस्त्री उचलून ठेवत दाबायची, रेटत न्यायची नाही. रेटलं की आटलेली लांबी परत येते आणि पुढच्या धुण्यात पुन्हा जाते. पहिला कुडता मी असाच ओढून 41 पर्यंत आणला होता, तो दोन दिवस टिकला.

चौकोन मोजला: उभा 47, आडवा 49. मग एकदा पुन्हा धुतलं, तर उभा पाव सेंटिमीटर आणखी कमी झाला. जाड हातमागाला दोन धुणी द्यावीत, हे तिथे कळलं. गिरणीच्या सॅन्फोराइज्ड पॉपलिनला, म्हणजे कारखान्यातच आटवून आणलेल्या कापडाला, एक पाणी पुरतं. जरीकाठ, खण, रेशीम यांना मात्र मी पाणी लावत नाही. तिथे शिवणीत माया जास्त ठेवते.

दुसरा कुडता 42 चा बेतला. चार धुण्यांनंतर तो पावणेबेचाळीस आहे आणि बाह्या मनगटापर्यंत येतात.

आता आईचा ब्लाऊज हातात आहे. त्याचं अस्तर वेगळ्या बादलीत भिजतंय, कारण ते आणि वरचं कापड सारखं आटत नाही. कोरंच शिवलं तर अस्तर आत खेचलं जातं आणि पाठीवर चुण्या येतात. लाल कापडाचा रंगही सुटतोय, तिसरं पाणी अजून गुलाबीच आहे.