हौद, एक इंची भोक आणि आरके-फोर

एम.एस्सी.ला संख्यात्मक पद्धतींचा पेपर होता. त्यात आमच्या सरांनी एक काम दिलं: कुठलंही एक विकलक समीकरण घ्या, रुंगे-कुट्टाच्या चौथ्या कोटीच्या पद्धतीनं हातानं सोडवा आणि प्रत्येक पावलाला त्रुटी किती पडली ते वहीत लिहा. कॅल्क्युलेटर चालेल, प्रोग्रॅम चालणार नाही. पुस्तकातलं y' = x + y बहुतेकांनी उचललं. त्यात सगळं इतकं सुरळीत होतं की त्रुटीबद्दल काहीच कळत नाही, म्हणून मी वेगळं शोधत होतो.

अमळनेर तालुक्यात आमच्या मळ्यात दहा बाय दहा फुटांचा हौद आहे, तळालगत एक इंची भोक आणि त्याला बूच. बूच काढलं की पाणी जोरात निघतं आणि पुढे पुढे मंदावतं. टॉरिचेल्लीच्या नियमाप्रमाणे पातळी उतरण्याचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या पटीत असतो. उंची फुटांत, वेळ तासांत घेऊन आणि भोकाचा विसर्ग गुणांक ०.६ धरून हिशेब केला, तर वर्गमुळामागचा आकडा ०.९४५ येतो. मी सरळ १ धरला. समीकरण झालं y' = −√y, सुरुवातीला पाणी ४ फूट. याचं अचूक उत्तर माहीत आहे, y = (2 − t/2)², म्हणजे चार तासांत हौद रिकामा. अचूक उत्तर हाताशी असलं की त्रुटी अंदाजानं सांगावी लागत नाही, वजाबाकी करून दिसते.

पद्धत कार्ल रुंगे (१८९५) आणि विल्हेल्म कुट्टा (१९०१) यांची. एका पावलात उताराचे चार नमुने घ्यायचे आणि मधल्या दोघांना दुप्पट वजन द्यायचं:

```
k1 = f(y)
k2 = f(y + h*k1/2)
k3 = f(y + h*k2/2)
k4 = f(y + h*k3)
y_new = y + h*(k1 + 2*k2 + 2*k3 + k4)/6
```

पहिलं पाऊल मी एक तासाचं घेतलं, h = 1. k1 = −2. अर्ध्या पावलावर y = 3, म्हणून k2 = −1.7320508. तो उतार वापरून पुन्हा अर्ध्या पावलावर गेलो की y = 3.1339746 आणि k3 = −1.7703035. शेवटी पूर्ण पावलावर y = 2.2296965, k4 = −1.4932168. बेरीज करून सहानं भागलं, तर तासाभरानंतर पाणी 2.2503458 फूट. खरं उत्तर 2.25. त्रुटी साधारण 0.00035.

मग अर्ध्या तासाची दोन पावलं टाकली. पहिल्याअंती 3.0625082 आलं (खरं 3.0625) आणि दुसऱ्याअंती 2.2500197. आता त्रुटी 0.00002, म्हणजे आधीच्या जवळजवळ साडेसतरावा भाग. चौथ्या कोटीच्या पद्धतीत पाऊल निम्मं केलं की त्रुटी साधारण सोळावा भाग व्हायला हवी. पावलं अजून मोठी असल्यानं नेमकं सोळा येत नाही, पण चार किंवा आठ आलं असतं तर आकडेमोड पुन्हा तपासायला घेतली असती.

या सोळाचा खरा उपयोग अचूक उत्तर माहीत नसताना होतो. मोठ्या पावलाची त्रुटी छोट्याच्या सोळापट धरली, तर दोन उत्तरांतला फरक छोट्याच्या त्रुटीच्या पंधरापट असतो. इथं फरक 0.000326. पंधरानं भागलं की 0.0000217. खरी त्रुटी 0.0000197. अचूक उत्तराकडे न बघता इतका जवळचा अंदाज मिळतो, हे मला या सगळ्या कामात सर्वांत जास्त आवडलं. मात्र सात दशांश स्थळं ठेवूनच हे जमतं. चार स्थळांवर थांबलो असतो, तर अर्ध्या तासाच्या पहिल्या पावलाची 0.000008 ही त्रुटी दिसलीच नसती.

एक तासाच्या पावलानं पुढे गेलो. दोन तासांनी 1.0012427 (खरं 1), तीन तासांनी 0.2564452 (खरं 0.25). त्रुटी 0.00035, मग 0.0012, मग 0.0064. वाटतं की जुनी त्रुटीच फुगत चालली आहे. तसं नाही. या समीकरणात जुनी त्रुटी √y च्या प्रमाणात आटते. दोन तासांची 0.0012 तिसऱ्या तासाअखेर निम्मी, म्हणजे 0.0006 उरते. बाकीची 0.0058 तिसऱ्या पावलानं नव्यानं घातलेली आहे. मी वहीत ‘जुनी’ आणि ‘नवी’ असे दोन रकाने पाडले होते, त्यामुळे दोष कुठे आहे ते लगेच दिसलं: पाणी उथळ होत जातं तसं √y झपाट्यानं वाकतं, आणि तेवढंच पाऊल आता फार मोठं पडतं.

आबा खाटेवर बसले होते. "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" म्हणाले. हौद कधी रिकामा होईल ते काढतोय, असं सांगितल्यावर हसले.

नेमकं तेच निघेना. तीन तासांच्या पुढचं पाऊल: k1 = −0.5064042, मग y = 0.0032431 आणि k2 = −0.0569482, मग k3 = −0.4774632. k2 आणि k3 मधली ही उडीच धोक्याची खूण आहे. दोन्ही एकाच क्षणाचे उतार, जवळजवळ सारखे हवेत. k4 साठी y = 0.2564452 − 0.4774632, म्हणजे उणे. कॅल्क्युलेटरनं वर्गमूळ काढायला नकार दिला.

पाऊल निम्मं करून हे सुटेल असं वाटतं, पण सुटत नाही. या समीकरणात उंची पाव आणि वेळ निम्मा केला तर समीकरण तेच राहतं. म्हणजे पाणी १ फुटावर आल्यापासून अर्ध्या तासाची चार पावलं ही ४ फुटांपासूनच्या एक तासाच्या चार पावलांची पाव मापातली नक्कल आहे. साडेतीन तासांनी त्रुटी 0.0064 च्या पाव, साधारण 0.0016, आणि त्यापुढच्या पावलात पुन्हा उणे वर्गमूळ. शेवटच्या त्या ठिकाणी सोळापट नाही, चारपटच सुधारणा मिळते. पद्धतीचा चौथा कोटी f पुरेसं गुळगुळीत असेल तरच मिळतो, आणि √y चा उतार शून्यापाशी अनंत होतो.

w = √y असा बदल केला तर w' = −1/2 उरतं आणि पद्धत अचूक उत्तर देते. सरांना तो मार्ग लिहून दिला, पण हौदासाठी मी पाव फुटावरच थांबलो. एक इंची भोकावर तीनच इंच पाणी राहिलं की टॉरिचेल्लीचा साधा नियमही नीट लागू पडत नाही.

तिथली 0.0064 फुटांची त्रुटी म्हणजे दोन मिलीमीटर. त्याच वेळी ०.९४५ ऐवजी १ धरल्यामुळे तीन तासांच्या पातळीत जवळपास २७ मिलीमीटरचा फरक पडतो. तो मात्र पाऊल कितीही बारीक केलं तरी जात नाही. भोकाचा गुणांक हौदावर घड्याळ आणि फूटपट्टी घेऊनच काढावा लागतो.