दोनशे रुपये काढून टाका, असे संपादकांनी सांगितले

गेल्या वर्षी आमच्या भागातील एका दिवाळी अंकासाठी मी एक अनुभव लिहिला. घटना लहान होती. भाद्रपदातल्या एका पावसाळी रात्री आईला घेऊन मी धोपाव्याच्या जेटीवर पोहोचलो, तेव्हा दाभोळला जाणारी फेरीबोट वाऱ्यामुळे बंद झालेली होती. आम्हाला सोडून रिक्षा परत गेली होती. वाशिष्ठीच्या पलीकडे दाभोळचे दिवे समोर दिसत होते, परंतु बोट नसेल तर तिथे पोहोचायला चिपळूणमार्गे मोठा वळसा घालावा लागतो. वेलदूरकडून मासळी भरून निघालेला एक टेम्पो तिथे थांबला आणि त्याच्या चालकाने आम्हाला गुहागरला आमच्या नातेवाइकांच्या दारापर्यंत सोडले. घटना एवढीच. मसुदा लिहायला फारसे कष्ट पडले नाहीत. कष्ट पडले ते तो लेख ‘माणुसकी’ या शब्दापासून वाचवण्यात.

मजकूर पाठवल्यावर संपादकांचा दूरध्वनी आला. लेख आवडला, परंतु दोन दुरुस्त्या हव्या होत्या. आम्ही उतरताना चालकाने डिझेलचे म्हणून दोनशे रुपये घेतले, हे वाक्य काढावे, कारण त्यामुळे ‘उपकाराची उंची कमी होते’. आणि शेवटी वाचकाला काही संदेश मिळावा म्हणून एक परिच्छेद जोडावा. नमुना म्हणून त्यांनी एक वाक्यही सांगितले: आजच्या स्वार्थी जगात माणुसकी अजून जिवंत आहे. मी नम्रपणे नकार दिला. त्यानंतर काही आठवडे हीच चर्चा चालू राहिली, आणि तिचा राग अजूनही पूर्णपणे गेलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आधी पैशांविषयी. मी पाचशेची नोट पुढे केली, तेव्हा त्या माणसाने ती न घेता दोनशे मागितले, आणि मी सुटे शोधत असताना तो स्पष्टपणे वैतागला. मागे बर्फ वितळत होता, पहाटे चिपळूणच्या बाजारात बांगडा पोहोचवायचा होता, आणि जेटीवरून निघतानाच त्याने घरी फोन करून ‘उशीर होईल, जेवून घ्या’ असे सांगितले होते. दोनशे रुपये काढले, तर उरतो तो खिशाला झळ न लागणारा, वेळेची पर्वा नसलेला, कुणीतरी कल्पनेतला सज्जन. ठेवले, तर वाचकाला आपोआप कळते की हा माणूस कामावर होता, त्याच्या वेळेला किंमत होती, आणि तरीही तो थांबला. उपकार किती मोठा होता, हे मी विशेषणांनी सांगण्याची गरजच राहत नाही, कारण त्याला तो केवढ्याला पडला हे वाचकाच्या समोर असते. संपादकांना मी हे तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावले. ‘तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण वाचकाला ते रुचणार नाही,’ एवढेच उत्तर प्रत्येक वेळी मिळाले.

‘संदेशा’च्या बाबतीत माझा आक्षेप वेगळा होता. तो माणूस का थांबला, हे मला माहीत नाही. आई भिजली होती म्हणून असेल, त्याची स्वतःची आई आठवली असेल, रस्त्यावर सोबत हवी असेल, किंवा थांबल्यानंतर ‘नाही’ म्हणणे अवघड वाटले असेल. त्याने काहीच सांगितले नाही. उलट ‘एवढ्या रात्री म्हातारीला घेऊन निघतात का?’ असे म्हणून मला फटकारले. प्रवचन नेमके इथे आत शिरते. लेखक जे पाहिले ते सोडून, जे पाहिले नाही ते, म्हणजे परक्या माणसाच्या मनातला हेतू, सांगू लागतो. आणि मग त्या हेतूची साऱ्या जगाशी तुलना करतो. ‘आजच्या स्वार्थी जगात’ हे शब्द लिहिले की जेटीवर त्या रात्री असलेले इतर लोक आपोआप स्वार्थी ठरतात. तिथे चहाची टपरी बंद करणाऱ्या बाईने आईला आडोशाला बसवले होते, आणि तिकीटघरातला माणूस बोट सकाळी सुटेल की नाही, हे विचारायला फोन लावत होता. त्यांना लेखात जागा नव्हती म्हणून त्यांचा अपमान करण्याचा अधिकार मला मिळत नाही.

हा वाद चालू असताना एक कसोटी मला उपयोगी पडली. प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून पाहायचे, की हेच वाक्य रुग्णालयातल्या, रेल्वेतल्या किंवा बँकेतल्या कुठल्याही दुसऱ्या अनुभवात जसेच्या तसे बसेल का? बसत असेल तर ते काढायचे. ‘देवासारखा धावून आला’ गेले. ‘आईच्या डोळ्यांत पाणी आले’ हेही गेले, आणि ते खोटेही होते, कारण आई आसनाला मासळीचा वास येतो म्हणून नाराज होती. उरले ते असे: आसन ओले होते, म्हणून त्याने गोणपाटाची घडी घालून त्यावर आईला बसवले, मला मागे ताडपत्रीखाली बर्फाच्या खोक्यांशेजारी जागा दिली, आणि गुहागरला पाखाडीच्या तोंडाशी टेम्पो पुढे जाईना, तेव्हा जांभ्याच्या ओल्या पायऱ्या दिसाव्यात म्हणून आई खाली दारात पोहोचेपर्यंत त्याने पुढचे दिवे चालू ठेवले. ते झाल्यावर मागे वळवायला जागा नसल्याने तो बराच वेळ शिव्या देत टेम्पो उलटा घेत होता. त्या शिव्या मी ठेवल्या. संपादकांनी त्यांनाही हरकत घेतली होती, परंतु पैशांपुढे ती हरकत मागे पडली.

इथे आठवले म्हणून सांगतो, हे आधीच सांगायला हवे होते. असा अनुभव लिहायचा असेल तर त्याच रात्री, निदान दुसऱ्या दिवशी, समोरचा माणूस नेमके काय बोलला, एवढेच टिपून ठेवावे. आपल्याला काय वाटले ते टिपण्याची आवश्यकता नाही, कारण ते आठवत राहते आणि दर वेळी थोडे वाढते. ‘जेवून घ्या’ हे मी नोंदले नसते तर ते निश्चितच हरवले असते. दुसरे असे, की त्या माणसाचे नाव आणि टेम्पोचा क्रमांक मी लेखात दिला नाही. मालवाहू गाडीतून प्रवासी नेणे नियमाविरुद्ध आहे. त्याचे आभार मानताना त्याला दंडाची पावती मिळवून देण्यात मला रस नव्हता. अंकाच्या कचेरीला मात्र त्याचे छायाचित्र हवे होते.

शेवटी तडजोड झाली. दोनशे रुपये राहिले, शिव्यांमधली एक राहिली, आणि माझा मजकूर चालकाने टेम्पो बाहेर काढल्यावर जिथे संपत होता तिथेच संपला. अंक हाती आला तेव्हा लेखाच्या वर ठळक चौकटीत ‘माणुसकी अजून जिवंत आहे’ हे वाक्य माझ्या नावाखाली छापलेले होते. मजकूर तपासायला पाठवतात तेव्हा चौकट, शीर्षक आणि छायाचित्राखालची ओळ पाठवत नाहीत. त्या तिन्ही वेगळ्या मागून घ्याव्यात, आणि होकार लेखी द्यावा.