1939 चा रुपया आणि त्यावरचा दुसरा नऊ

जुन्या नाण्यांचे परीक्षण हा माझा व्यवसाय असल्याने छायाचित्र पाठवून नाण्याची किंमत विचारणारे लोक मला रोज भेटतात. त्यांतील बहुतेक नाण्यांची ओळख पटवणे अवघड नसते. एका निवृत्त शिक्षकांनी पाठवलेल्या छायाचित्रातील नाणेही मी लगेच ओळखले. तो सहाव्या जॉर्जचा चांदीचा एक रुपया होता आणि त्यावरचे वर्ष 1939 असे वाचता येत होते. "सर, वडिलांच्या पेटीत सापडला आहे. अंदाजे किंमत सांगितलीत तरी चालेल," असे त्यांनी लिहिले होते.

अंदाज सांगणेही शक्य नव्हते, कारण या मालिकेतील 1938 चा रुपया सहज मिळतो, तर 1939 चा अतिशय दुर्मीळ आहे. दोन्हींचे वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे पूर्वीचा एक तोळा, आणि दोन्हींत चांदी सुमारे 91.7 टक्के. पुढे 1940 पासून चांदीचे प्रमाण 50 टक्क्यांवर आणले गेले. त्यामुळे नाण्याचे सारे मोल शेवटच्या एका अंकावर येऊन ठेपते, आणि आठाच्या खालच्या वाटोळ्याची डावी बाजू कोरून काढली की त्याचा नऊ होतो. संग्राहकांच्या जगात ही लबाडी जुनी आहे.

छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर दुसऱ्या नऊचे वरचे वाटोळे पहिल्या नऊपेक्षा किंचित लहान असल्याचे जाणवले. आठाचे वरचे वाटोळे बहुधा खालच्यापेक्षा लहान असते, म्हणून शंका येणे स्वाभाविक होते. परंतु नाणे थोडे तिरके धरून टिपले असले किंवा अंक एका बाजूने अधिक झिजला असला तरीही असेच दिसू शकते. शिवाय मोबाइलचा कॅमेरा चित्र सुबक करण्यासाठी कडा ठळक करतो आणि सपाट भागातील बारीक पोत पुसून टाकतो. मला नेमका तो पोतच पाहायचा होता.

मी गुरुजींना नाण्याच्या काठाचे आणि वजनकाट्यावर ठेवलेल्या नाण्याचे छायाचित्र पाठवायला सांगितले. काठावरचे दाते सुबक व एकसारखे होते आणि काट्यावर 11.6 हा आकडा दिसत होता. गुरुजींना अर्थातच हुरूप आला. या तपासणीमुळे ओतीव नक्कल असण्याची शक्यता बरीच कमी झाली, कारण साच्यात ओतलेल्या नाण्याचे वजन बहुधा चुकते आणि दातेही बोथट येतात. मात्र मूळ नाणे 1938 चे असेल, तर त्याचे वजन, धातू आणि काठ हे सारे अस्सलच असणार. अंकातून कोरून काढलेली चांदी एक मिलिग्रॅमही भरत नाही, ती घरगुती काट्याला कशी कळावी? म्हणून नाणे प्रत्यक्ष घेऊन येण्याची विनंती केली.

नाणे आल्यावर प्रथम मी त्याची घनता मोजली. ती 10.3 च्या जवळपास आली, म्हणजे चांदी अपेक्षेप्रमाणेच होती. त्यानंतर ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून दिवा अगदी बाजूला, जवळजवळ नाण्याच्या पातळीवर आणला आणि नाणे सावकाश फिरवू लागलो. ठसा बसताना धातू बाहेरच्या दिशेने सरकतो व त्याच्या अतिसूक्ष्म रेषा सपाट भागावर उमटतात. वापरातील नाण्यावर त्या झिजून जातात, तरी अंकांच्या आडोशाला पुष्कळदा शिल्लक राहतात. येथे 1 आणि पहिला 9 यांच्यामध्ये त्या स्पष्ट दिसत होत्या. 3 आणि दुसरा 9 यांच्यामधील जागेत मात्र त्या नव्हत्या. तेथे किंचित खोलगट भाग होता आणि त्यात एकाच दिशेने गेलेले हत्याराचे ओरखडे होते. वरून काळसर थर चढवलेला होता, पण तो खोलगट भागाबाहेर एकदम संपत होता. नैसर्गिक काळपटपणा असा रेषेवर थांबत नाही.

गुरुजींनाही मी भिंगातून ते दाखवले. "मग छायाचित्रात हे का दिसले नाही?" असे त्यांनी विचारले. दिवा समोरून ठेवल्यावर ओरखडे कसे नाहीसे होतात आणि बाजूला नेल्यावर कसे उमटतात, हे त्यांनी स्वतः पाहिले. छायाचित्रात प्रकाशाचा एकच कोन कायमचा ठरून गेलेला असतो, आणि तो मी निवडलेला नव्हता.

अहवालात मी 'सहावा जॉर्ज, एक रुपया, मूळ वर्ष 1938, शेवटचा अंक कोरून बदललेला' असे लिहिले. अशा नाण्याला न छेडलेल्या 1938 च्या रुपयाइतकीही संग्राहकांची मागणी नसते. त्याचे मोल जवळजवळ चांदीपुरतेच उरते, म्हणून किमतीच्या रकान्यात मी धातूचे वजन तेवढे नोंदवले.