काकूंचा चौरंग आणि एकवीस थेंब

गौरी-गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सजावटीच्या धंद्यात फोन येतो तो सहसा उरलेल्या पैशांचा. त्या दिवशी सकाळी काकूंचा आला आणि त्या एवढंच म्हणाल्या, "तू स्वतः ये. पोराला पाठवू नकोस."

झालं होतं असं. गौरींच्या मागे काकूंनी सासूबाईंची जुनी पैठणी पडद्यासारखी सोडली होती. कागदी फुलांच्या माळा लावायला आमचा पोरगा गेला होता. त्याला मीच बजावलं होतं, "साडीला टाचणी लावायची नाही." त्यानं आज्ञा पाळली आणि टाचणीऐवजी ग्लू गन चालवली. साडीवर डिंकाचे एकवीस थेंब, गौरींच्या सागवानी चौरंगाच्या कडेला नऊ आणि दाराच्या चौकटीवर तोरणाचे चार. पोराच्या लेखी त्यानं साडी जपली होती. "टाचणीचं भोक तरी बुजलं असतं रे," काकू म्हणाल्या. यावर मी काय बोलणार?

निघताना पिशवीत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस, इअरबड, जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि मुदत संपलेलं एटीएम कार्ड टाकलं. कार्डाचा एक कोपरा कात्रीनं तिरका कापून पॉलिश पेपरवर घासून बोथट केला होता. घरी पोचल्यावर आधी देवघरातली समई शांत करायला सांगितली. या अल्कोहोलची, म्हणजे स्पिरिटची, वाफ आणि ज्योत एका खोलीत नको.

सुरुवात चौकटीपासून केली, कारण तिथे काही बिघडलं तरी चालणार होतं. चौकटीला हल्लीचं मेलामाईन पॉलिश होतं, काचेसारखं गुळगुळीत. थेंबाच्या कडेला इअरबडनं स्पिरिट सोडलं, अर्धा मिनिट थांबलो, कार्डाचा कोपरा आत सरकवला आणि थेंब टप्पकन अख्खा सुटून हातात आला. यात विरघळणं वगैरे काही नसतं. ग्लू गनच्या कांडीतला डिंक स्पिरिटमध्ये विरघळत नाही. तो वितळून पृष्ठभागाला नुसता चिकटून बसलेला असतो आणि स्पिरिट पाण्यापेक्षा कितीतरी सहज त्या फटीत शिरून पकड सोडवतं. म्हणून थेंबाच्या डोक्यावर ओतून उपयोग नाही, कडेलाच लागायला हवं. चारही थेंब पाच मिनिटांत निघाले.

आणि तिथेच माझा घात झाला. त्याच ओघात मी चौरंगाकडे वळलो. पहिल्या थेंबाच्या कडेला स्पिरिट सोडलं, थांबलो, कार्ड लावलं. थेंब निघाला खरा, पण कार्डाला तपकिरी चिकट काहीतरी लागलं आणि लाकडावर रुपयाएवढा भाग निस्तेज, खरबरीत झाला. कापूस टेकवला तर तोही तपकिरी.

जुना चौरंग. त्यावर लाखेचं पॉलिश. लाखेचा चपडा स्पिरिटमध्येच भिजवून ते करतात, हे मी वीस वर्षं सुतारांच्या शेजारी बसून बघतोय. स्पिरिटनं बनलेलं स्पिरिटनंच उतरणार! चौरंग उलटा करून पाटाखाली स्पिरिटचा एक थेंब टाकून मिनिटभरानं बोट लावलं असतं, तर चिकटपणा कळला असता आणि पुढचं सगळं टळलं असतं. साडीच्या धास्तीत लाकडाकडे माझं लक्षच नव्हतं.

काकूंना लपवलं नाही. त्या चष्मा चढवून डाग बघत म्हणाल्या, "आता उरलेल्या आठांना तरी हे लावू नकोस."

उरलेल्या आठांना फक्त बर्फ. तोही जपून, कारण लाखेच्या पॉलिशवर ओल राहिली की पांढरा डाग उमटतो. बर्फाचे दोन खडे एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, बाहेरून कोरडी पुसलेली. एकेका थेंबावर तीन-चार मिनिटं दाबून धरायची, दमट हवेनं आलेला घाम लगेच टिपायचा. थेंब गार झाला हे नखानं कळतं. कोमट असताना नख रुततं, गार झाल्यावर टक्क वाजतं. मग कार्ड जवळजवळ आडवं धरून, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, थेंबाच्या मुळाशी ढकलायचं. उभं धरलं की पॉलिश खरवडतं. सहा थेंब अख्खे निघाले, दोन तुकड्या-तुकड्यांनी.

मग साडी. इथे मात्र आधी चाचणी. काठाच्या आतल्या दुमडीत स्पिरिटचा पांढरा कापूस मिनिटभर दाबून धरला. जांभळ्या अंगाचा रंग लागला नाही, हिरव्या काठाचा नाही, जरीही काळवंडली नाही. मध्येच शेजारच्या वहिनी डोकावल्या आणि म्हणाल्या, "खाकी कागद ठेवून इस्त्री फिरवा की." मी हात जोडले. इस्त्रीनं डिंक पुन्हा पातळ होतो आणि थोडा कागदाला, पण बराचसा रेशमात उतरतो. मग तो तेलाच्या डागासारखा कायमचा दिसत राहतो.

लाकडावर डिंक वरच बसतो. कापडात तो धाग्यांना वेढून आत गेलेला असतो, म्हणून स्पिरिटला शिरायला फट फारशी नसते आणि खरं काम गारव्याचंच. पण रेशीम इतकं पातळ, की बर्फ उचलला की मिनिटाभरात थेंब पुन्हा रबरासारखा. शेवटी साडी सैल गुंडाळून पिशवीत घातली, हवा काढून तोंड बांधलं आणि काकूंच्या फ्रीझरमध्ये तासभर ठेवली. मग फ्रिजसमोरच पाट मांडला. पिशवीतून एका वेळी वीतभर भाग बाहेर काढायचा, पाटावर सपाट ठेवायचा, दोन थेंब करायचे, परत आत.

गार थेंबावर कार्डाची पाठ दाबली की त्याला तडे जातात आणि वरचा भाग साखरेसारखा कुरकुरत सुटतो. ओढायचं नाही, फोडायचं. नंतर धाग्यांत अडकलेल्या कणांच्या कडेला जेमतेम ओला इअरबड, आणि कार्डाचा कोपरा उभ्या धाग्याच्या दिशेनं, बाहेरून मध्याकडे. पैठणी हातमागाची होती, मागे सुटे धागे लोंबत नव्हते, म्हणून उलट्या बाजूनंही काम करता आलं. यंत्रमागाची असती तर मागचे तरंगते धागे कार्डात अडकून तुटले असते.

चार वाजेपर्यंत सोळा थेंब साफ. पाच उरले, सगळे पदरावरच्या मोरांच्या जरीत. तिथे कण तारेभोवती बसले होते आणि एकदा कार्ड लावल्यावर जरीची तार केसाएवढी वर आली. मी थांबलो. काकूंना भिंगातून दाखवलं आणि म्हटलं, "आणखी ओढलं तर मोर जाईल."

"राहू दे. त्या सासूबाईंनाही पदरावर काही ना काही सांडायची सवय होतीच."

त्या वर्षीचे उरलेले पैसे मी घेतले नाहीत. दोन दिवसांनी ओळखीच्या पॉलिशवाल्याला घेऊन गेलो. त्यानं चौरंगावरचा डाग बघितला, मलमलच्या पोटलीत कापूस भरला, ती चपड्याच्या पॉलिशमध्ये बुडवली आणि गोल गोल हात फिरवायला लागला. स्पिरिटनं आजूबाजूचं जुनं पॉलिशही मऊ होऊन नव्यात मिसळत गेलं. दहा मिनिटांत कडा दिसेनाशी झाली. हात पुसता पुसता त्यानं विचारलं, "स्पिरिट कोणी लावलं होतं?"

काकू चहा आणायला आत गेल्या.